रिकाम्या कॅप्सूलची कुळकथा

१७८४ साली पॅरिसजवळच्या पासी गावात, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या बागेत एका मुलाचे डोळे बांधले गेले. ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे होतात असा मेस्मरपंथीयांचा दावा होता, आणि त्यांच्यातल्या एका वैद्याने बागेतले एक झाड भारून ठेवले होते. मुलाला एकेका झाडापाशी नेले. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. ते झाड भारलेले नव्हतेच. मूर्च्छा खरी होती, पण तिचे कारण झाड नव्हते, मुलाची अपेक्षा होती.

एलएसडीच्या सूक्ष्ममात्रेची परीक्षा डोळ्यांवरच्या याच पट्टीच्या वंशातली आहे. १९४३ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी स्वतःवर २५० मायक्रोग्रॅमचा प्रयोग केला होता. सूक्ष्ममात्रा म्हणजे १० मायक्रोग्रॅमच्या आसपास, भ्रम होऊ नयेत इतकी. जेम्स फॅडिमन यांच्या २०११ च्या पुस्तकानंतर ‘मन प्रसन्न राहते, काम सुचते’ असे अनुभव जगभरातून येऊ लागले. नाशिकच्या द्वारका परिसरातल्या औषधदुकानात ही वस्तू मिळणार नाही, भारतात १९८५ च्या कायद्याने ती बाळगणेही गुन्हा आहे. पण हे अनुभव वाचणाऱ्या आपल्यालाही तोच प्रश्न पडतो: गुण मात्रेचा की मनाने धरलेल्या आशेचा? त्यातच माणूस असे उपाय सहसा मन फार खचले असताना सुरू करतो. तिथून थोडे वर येणे पुष्कळदा आपोआपच घडते, आणि श्रेय उपायाला जाते.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या बालाझ सिगेती आणि सहकाऱ्यांनी यावर काढलेली तोड मला फार आवडते. जे लोक स्वतःहून सूक्ष्ममात्रा घेतच होते, त्यांनाच स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला शिकवले. अपारदर्शक कॅप्सूल काही भरायच्या, काही रिकाम्या ठेवायच्या, त्या संकेतचिन्हांच्या पाकिटांत घालायच्या आणि पाकिटे मिसळून टाकायची. आपण काय गिळले हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, संशोधकांकडे मात्र नोंद आहे. २०२१ मध्ये १९१ जणांचे निकाल आले. चार आठवड्यांत मनःस्वास्थ्य सुधारले होते, पण रिकाम्या कॅप्सूलवाल्यांचेही जवळजवळ तेवढेच. मात्रा घेतल्या दिवशी जो थोडा फरक दिसला, तोही आपण काय घेतले याच्या घेणाऱ्यांनी केलेल्या अंदाजाने समजावता येत होता. सगळा घोळ इथेच आहे. अंगात किंचित काही जाणवले की पट्टी सरकते, आणि मग अपेक्षा पुन्हा कामाला लागते.

दुसरी बाजूही मांडायला हवी. ऑकलंडमध्ये ८० निरोगी पुरुषांना सहा आठवडे, दर तिसऱ्या दिवशी १० मायक्रोग्रॅम एलएसडी किंवा निष्क्रिय द्रव दिला. मात्रेच्या दिवशी उत्साह वाढल्याचे त्यांनी सांगितले, पण टिकाऊ बदल आढळला नाही, आणि काहींनी अस्वस्थतेमुळे प्रयोग मध्येच सोडला. मात्र मनगटावरच्या यंत्राने एक वेगळी नोंद केली: मात्रेनंतरच्या दुसऱ्या रात्री झोप सुमारे २४ मिनिटांनी वाढली होती. ही नोंद कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नाही, म्हणून ती मला सर्वांत मोलाची वाटते. नैराश्याच्या रुग्णांना या वाढीव झोपेचा उपयोग होतो का, हे निरोगी पुरुषांवरून ठरत नाही.