यंत्रलिखित मजकुराचे शोधक आणि विद्याशाखीय लेखनशैली
मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, याचा अंदाज बांधणारी अनेक शोधक-साधने प्रत्येक शब्द किती अनपेक्षित आहे हे भाषा-प्रारूपाच्या आधारे मोजतात आणि सहज भाकीत करता येणारा मजकूर यंत्रलिखित मानतात. रसायनशास्त्राच्या प्रयोग-अहवालात ‘फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत अनुमापन केले’ हे वाक्य प्रामाणिक विद्यार्थीही जवळपास असेच लिहितात, कारण प्रयोग पुन्हा करता यावा यासाठी कृतीची भाषा ठरलेली असते. त्यामुळे निर्दोष अहवालावर संशय येऊ शकतो. इतिहासाच्या निबंधातील युक्तिवाद व लहानमोठी वाक्ये हा धोका सहसा कमी करतात, मात्र प्रसिद्ध दस्तऐवजाचे लांब अवतरण प्रारूपाच्या परिचयाचे असल्याने तेही यंत्रलिखित भासते. म्हणून दोन्ही विषयांना एकच निर्णायक गुणांक लावणे अन्यायकारक ठरते.