संयुक्त दायित्वाचे गटकर्ज

तारण नसलेल्या कर्जदारांचे छोटे गट करून कर्ज द्यायचे आणि एकीचा हप्ता थकला तर तो भरण्याची जबाबदारी गटातल्या बाकीच्यांवर ठेवायची, ही सूक्ष्म वित्तपुरवठ्यातील पद्धत. तिचा सर्वाधिक परिचित नमुना बांगलादेशातील ग्रामीण बँकेचा (स्थापना १९८३). तेथे पाच जणी आपणहून गट करीत. आधी दोघींना कर्ज मिळे, त्यांचे हप्ते नीट आले की पुढच्या दोघींना आणि शेवटी गटप्रमुखाला. आपल्याकडील बचत गट याहून वेगळा, कारण तो आधी स्वतःची बचत जमवून त्यातून सदस्यांना कर्ज देतो.

या पद्धतीचे यश सहसा शेजारणींच्या दबावाला दिले जाते. पण तिचे खरे वैशिष्ट्य कर्ज देण्याआधीच, गट जुळताना दिसते. बँकेला खात्रीचा धंदा करणारी आणि जोखीम घेणारी यांत फरक करता येत नाही, म्हणून ती दोघींना एकच व्याज लावते. जोखमी कर्जांतला तोटा त्या व्याजात मिसळतो, व्याज चढते आणि खात्रीची बाई कर्जच टाळते. उरतात त्या जोखमीच्या. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात. एक कल्पित हिशेब घेऊ. कर्ज १,००० रुपयांचे. बँकेचा खर्च भरून यायला प्रत्येक कर्जामागे सरासरी १,१०० परत हवेत. त्याच मुदतीत मजुरी केली तर १,४०० मिळतात. खात्रीच्या धंद्यातून हमखास २,८०० येतात. जोखमीच्या धंद्यातून ५,६००, पण निम्म्याच वेळा, एरवी शून्य. दोन्ही प्रकारच्या बायका सारख्याच संख्येने असतील तर चारपैकी तीनच कर्जे परत येतात, म्हणून बँकेला प्रत्येकीकडून सुमारे १,४६७ मागावे लागतात. मग खात्रीच्या बाईकडे १,३३३ उरतात, मजुरीपेक्षा कमी. ती बाजूला होते.

आता दोघींची जोडी करून एकीचे पूर्ण कर्ज दुसरीवरही टाका. जोडीदारीण त्यांनी स्वतः निवडायची, म्हणून खात्रीची खात्रीच्या बाईशी आणि जोखमीची जोखमीच्या बाईशी जुळते. जोखमीच्या दोघींपैकी एक जरी यशस्वी झाली तरी दोन्ही कर्जे फिटतात. दोघीही बुडण्याची शक्यता चारांत एक. आठांपैकी सात कर्जे परत येऊ लागतात आणि बँकेला १,२५७ मागून भागते. खात्रीच्या बाईकडे आता १,५४३ उरतात. ती परत येते. बँकेला कोण कशी हे अजूनही ठाऊक नाही, तरी शेजारणींचे ज्ञान तिच्या कामी आले आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की जोखमीची बाई खात्रीच्या बाईला काही देऊन तिच्याच गटात का शिरणार नाही? अर्थशास्त्रज्ञ मैत्रीश घटक यांच्या मांडणीत याचे उत्तर आहे. जोखमीची जोडीदारीण घेतली तर खात्रीच्या बाईला निम्म्या वेळा तिचे कर्ज भरावे लागेल, म्हणजे सरासरी ६२९ रुपयांचा भुर्दंड. जोखमीच्या बाईला खात्रीची जोडीदारीण मिळाली तर तिची बचत मात्र ३१४ रुपयांचीच, कारण स्वतः यशस्वी झाल्याखेरीज ती दुसरीचे कर्ज भरतच नव्हती. लाभ नुकसानीला पुरत नाही. म्हणून सारखीला सारखीच मिळते. अट एवढीच, की बायका एकमेकींना खरोखर ओळखत असाव्यात. संस्थेच्या माणसाने घाईने पाच नावे जमवून केलेल्या गटात हे ज्ञान नसते. तिथे दायित्व कागदावर राहते आणि पहिली थकबाकी येताच गट मोडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फिलिपिन्समधील ग्रीन बँकेच्या काही केंद्रांत अर्थशास्त्रज्ञ जिने आणि कार्लन यांनी यादृच्छिक निवडीने संयुक्त दायित्व काढून टाकले, बैठका तशाच ठेवल्या. थकबाकी वाढली नाही. जुन्या केंद्रांतले सदस्य आधीच गाळून आलेले होते, असे म्हणता येईल. पण नव्या केंद्रांतही परतफेडीत फरक दिसला नाही. हा पुरावा मान्यच करावा लागतो: वसुलीचे श्रेय एकट्या दायित्वाला देता येत नाही, नियमित बैठक आणि पुढच्या कर्जाची आशा यांचाही त्यात वाटा आहे. मात्र वैयक्तिक दायित्व असेल तिथे कर्ज अधिकारी नवे गट उघडायला कचरत होते, हेही त्याच प्रयोगात आढळले. पारखण्याचे काम संपले नव्हते, ते शेजारणींकडून अधिकाऱ्यावर आले होते, असा याचा अर्थ मला लावावासा वाटतो.

थकबाकीबाबत ही पद्धत दुधारी आहे. बेस्ली आणि कोट यांनी १९९५ मध्ये दाखवले, की दुसरीचा भार फार झाला तर जी स्वतःचा हप्ता भरू शकली असती तीही भरणे सोडते. वरच्या हिशेबात दोघींचे नशीब परस्परांपासून स्वतंत्र धरले होते. पूर आला किंवा सगळ्यांचे पीक एकदम गेले, तर वाचवणारी कोणी उरत नाही. १९९८ च्या महापुरानंतर ग्रामीण बँकेला परतफेडीच्या अडचणी आल्या, आणि काही वर्षांतच आणलेल्या नव्या रचनेत तिने गट व बैठका ठेवल्या, पण एकीचे कर्ज दुसरीने भरण्याची सक्ती ठेवली नाही.