बारवेची षष्ठी

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी लागते. पिंगळेश्वराचे देऊळ आणि जुनी बारव यांमुळे हे गाव ओळखले जाते. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. वस्तू तशी एकाच घराण्यातली, पण प्रत्यय लागताच दोन्ही शब्दांच्या वाटा वेगळ्या होतात: विहिरीला, पण बारवेला. एकीकडे ई, दुसरीकडे ए. हा ए कुठून आला, याचा माग काढला की शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्याची सगळी कुळकथा उलगडते.

आधी तक्ता:

| विभक्ती | एकवचन | अनेकवचन |
|---|---|---|
| प्रथमा | बारव | बारवा |
| द्वितीया | बारवेस, बारवेला | बारवांस, बारवांना |
| तृतीया | बारवेने | बारवांनी |
| चतुर्थी | बारवेस, बारवेला | बारवांस, बारवांना |
| पंचमी | बारवेहून | बारवांहून |
| षष्ठी | बारवेचा-ची-चे | बारवांचा-ची-चे |
| सप्तमी | बारवेत | बारवांत |
| संबोधन | बारवे | बारवांनो |

शब्दयोगी अव्ययेही याच रूपाला लागतात: बारवेजवळ, बारवेपाशी, बारवेभोवती. प्रत्ययापूर्वीच्या या ‘बारवे’ला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात.

आठ ओळींचा हा साचा संस्कृतचा. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली आले आणि तो शाळेत रुजला. द्वितीया आणि चतुर्थी या ओळी मात्र अक्षरशः सारख्या आहेत. चतुर्थी तर प्राकृतातच षष्ठीत विरून गेली होती; बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणात तसा नियमच दिला आहे. बोलीने कधीच बंद केलेला रकाना पुस्तकाने पुन्हा उघडला.

आता तो ए. प्राकृतात ‘माला’चे ‘मालाए’ होई आणि हे एकच रूप तृतीया, षष्ठी, सप्तमी अशा अनेक कामांना चाले. जिह्वेपासून आलेल्या ‘जीभ’चे ‘जिभे’ झाले ते याच वाटेने. शेवटचा आ प्रथमेत झिजला, पण अनेकवचनी ‘जिभा’त आणि सामान्यरूपातल्या ए-मध्ये त्याची खूण राहिली. भित्तीची ‘भिंत’ इकारान्त घराण्यातली, म्हणून भिंती, भिंतीला. आज कोणताही अपरिचित स्त्रीलिंगी अकारान्त शब्द याच कसोटीवर लावून पाहता येतो: अनेकवचन बारवा, तर बारवेला, अनेकवचन विहिरी, तर विहिरीला. ‘बारवेला’ म्हणताना मराठी माणूस एका जुन्या विभक्तीवर नवी विभक्ती चढवत असतो. ‘घराला’मधला आ तसाच, ‘घरस्स’ या प्राकृत षष्ठीचा उरलेला अंश.

खरा वाद आहे तो ‘चा’चा.

एक पक्ष त्याला ‘कृत्य’पासून आणतो. कृत्यचे प्राकृत किच्च, त्यातला ‘कि’ गळाला आणि ‘च’ उरला. हिंदीचा ‘का’ही कृ धातूकडेच नेला जातो, त्यामुळे शेजारधर्माचा आधार या मताला आहे. दुसरा पक्ष दाक्षिणात्य, पाश्चात्त्य यांतल्या ‘त्य’कडे बोट दाखवतो. सत्यचे सच्च झाले तसा त्यचा च्च. हेच मत सरस वाटते, कारण त्यासाठी आख्खे अक्षर गाळावे लागत नाही. शिवाय हेमचंद्र ‘तुमचा’, ‘आमचा’ या अर्थी तुम्हेच्चय, अम्हेच्चय ही रूपे नोंदवतो. आमचा-तुमचाचे पूर्वज इथे समोर उभे आहेत. त्याचा ‘एच्चय’ फक्त या दोन सर्वनामांपुरता आहे, ही विरोधकांची हरकत रास्त आहे. पण सर्वनामावर रुजलेला प्रत्यय नामांवर पसरणे अवघड नाही, आणि तसेच घडले असावे.

‘त्य’ विशेषणे घडवतो, हाही मुद्दा त्याच बाजूचा. पिंगळीतल्याच वाक्यांवर तपासता येईल: बारवेचा दगड, बारवेची पायरी, बारवेचे पाणी. ‘चा’ पुढच्या नामाचे लिंग घेतो. मग ‘बारवेच्या पायरीवर’ म्हटले की पायरीबरोबर त्याचेही सामान्यरूप होते, जसे ‘काळा दगड’चे ‘काळ्या दगडावर’ होते. ‘ला’ किंवा ‘ने’ असे कधी वागत नाहीत. तक्त्यातली षष्ठी म्हणजे विभक्तीच्या ओळीत बसवलेले विशेषण आहे.

सप्तमीचा ‘त’ तर कालपरवापर्यंत आपली ओळख मिरवत होता. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, त्याआधी ‘बारवेंत’ असे लिहीत. तो अनुस्वार ‘आंत’चा, म्हणजे मूळच्या ‘अन्तर्’चा. एक शब्दयोगी झिजून प्रत्यय झाला आणि त्यालाच पंचमीचा ‘ऊन’ जोडून ‘बारवेतून’ तयार झाले. बारवेतून पाणी काढतात, बारवेहून नाही. रोजच्या बोलण्यातले हे रूप सप्तमीच्या ओळीत बसवायचे की पंचमीच्या, हे आठ ओळींचा तक्ता सांगत नाही.