घोडा मिळाला, धनुर्धर कोठून आणावा?

मुरगावच्या भूशिराजवळ समुद्राला मिळणारी झुवारी आणि तिच्या उत्तरेची मांडवी, या नद्यांच्या मुखांतून पंधराव्या शतकात अरबस्तान व इराणचे घोडे गोव्यात उतरत. १४७२ साली महमूद गवानाने गोवे जिंकीपर्यंत ते विजयनगरच्या अमलाखाली होते. तेव्हा विजयनगरास घोडे लाभत. तरीही बहामनी फौजेपुढे त्यांचे स्वार मागे सरत.

फिरिश्ता सांगतो की, दुसऱ्या देवरायाने (१४२४ ते १४४६) सभा भरवून याचे कारण विचारले. काहींनी दैवावर बोट ठेविले. इतरांनी मात्र शत्रूचे बळकट घोडे आणि निष्णात तिरंदाज ही दोन कारणे सांगितली. देवरायाने दुसरे उत्तर मानले. त्याने मुसलमान तिरंदाज चाकरीस ठेविले आणि आपल्या लोकांना ती विद्या शिकविण्यास सांगितले. त्याच्या सेवेतील अहमदखानाने १४३९ साली बांधलेली मशीद हंपीत आजही उभी आहे.

धनुष्य आणि घोडा विकत घेता येतात. मग शिकविण्यासारखे होते काय? पायदळाचे पुरुषभर उंचीचे धनुष्य घोड्यावर निरुपयोगी. डावीकडून उजवीकडे वळविताना त्याचे खालचे टोक घोड्याच्या मानेला अडते. पण लाकडाचे धनुष्य नुसते आखूड केले, तर पूर्ण ताणताच ते मोडते. म्हणून पोटाकडे शिंग, पाठीकडे स्नायूंचे तंतू आणि मध्ये लाकूड, असे सरसाने जोडलेले धनुष्य करीत. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो.

आखूड धनुष्य ओढले की दोरीचा कोन फार अरुंद होतो आणि तीन बोटे त्यात चिमटतात. यासाठी दोरी एकट्या अंगठ्याने ओढावयाची, वरून तर्जनीने अंगठा दाबून धरावयाचा, आणि अंगठ्यात शिंगाचे वा दगडाचे कडे घालावयाचे. मनगटास किंचित पीळ दिला की बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला टेकून राहतो. दौडीच्या हिसक्याने बाण निसटत असेल, तर पीळ चुकला हे उस्तादास लगेच कळे.

सराव स्थिर लक्ष्यावर भागत नसे. उंच खांबावर भोपळा बांधीत; तुर्कीत भोपळ्यास ‘कबक’ म्हणतात, त्यावरूनच या खेळाचे नाव पडले. स्वाराने लगाम सोडून, गुडघ्यांनी घोडा आवरीत खांबाखालून भरधाव जावयाचे आणि मागे झुकून वर बाण सोडावयाचा. चारही खूर अधांतरी असतात तो क्षण यासाठी साधावा लागे, कारण जमिनीला टेकताच खांद्याला धक्का बसतो.

या धनुष्याचा वैरी मात्र कोकणचा पाऊस. ओलाव्याने सरस मऊ पडून थर सुटू लागतात, बाणाचा वेग उतरतो. हिंदुस्थानात पुढे पोलादी धनुष्ये निघाली, ती जड व कमी लवचिक. पण पावसाळाभर शस्त्रागारात पडून राहिली तरी दसऱ्याला वापरण्याजोगी असत.