शिक्षा म्हणून झालेली बदली नाकारता येते का?

छत्रपती संभाजीनगरमधील सरकारी कर्मचाऱ्याची तक्रारीनंतर अचानक दुसऱ्या शहरात बदली झाली, तर ‘मी जाणार नाही’ म्हणता येते का? थेट नकार धोक्याचा ठरतो. गुजरात वीज मंडळाचा एक कर्मचारी सुरतहून उकाईला झालेल्या बदलीविरुद्ध अर्ज करत राहिला, पण रुजू झाला नाही. त्याला नोकरीवरून काढणे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये योग्य ठरवले. नुसत्या अर्जाने बदली थांबत नाही. ती रद्द किंवा स्थगित व्हावी लागते.

मात्र शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदा असते, असे याच न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले. त्या प्रकरणात बदलीमागे निनावी तक्रार होती.

महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्याचा एका पदावरील कार्यकाळ 2005 च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे 3 वर्षांचा असतो. मुदतीआधी बदली करायची तर लेखी कारणे आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. यातले काही नसेल किंवा चौकशीऐवजी बदली केली असेल, तर प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या शहरातील खंडपीठाकडे लगेच स्थगिती मागावी. स्थगिती मिळाली नाही, तर आक्षेप लेखी नोंदवून रुजू व्हावे. रुजू झाल्यावरही दावा चालवता येतो.