क्रिएटिनिन आणि गाळणदर

मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज घेण्यासाठी रक्ततपासणीत पाहिले जाणारे दोन आकडे. क्रिएटिनिन रक्तात प्रत्यक्ष मोजले जाते. गाळणदर मात्र मोजलेला नसतो. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून तो सूत्राने काढतात. अहवालात तो ‘ईजीएफआर’ या नावाने येतो, आणि त्यातला ‘ई’ अंदाज असल्याचेच सांगतो. मूत्रपिंडविकाराच्या आरंभी हे दोन आकडे अनेकदा परस्परविरोधी वाटतात. क्रिएटिनिन प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेत असते, पण गाळणदर ‘तिसरा टप्पा’ दाखवतो. या विसंगतीचे कारण दोन्ही आकड्यांच्या परस्परसंबंधात आहे.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. स्नायूंतील क्रिएटिनचा थोडासा भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो. एका माणसात हे प्रमाण दिवसेंदिवस साधारण सारखेच राहते. मूत्रपिंडातील केशिकागुच्छ ते रक्तातून गाळतात आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. तयार होण्याचा वेग ठरलेला असल्याने गाळण निम्म्यावर आले, तर रक्तातील पातळी चढत चढत जवळपास दुप्पट होते आणि तिथे स्थिरावते. गाळणदर म्हणजे सर्व केशिकागुच्छ मिळून दर मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळतात तो आकडा. १.७३ चौरस मीटर इतके शरीराचे पृष्ठफळ गृहीत धरून तो सांगतात. निरोगी तरुण व्यक्तीत तो १००च्या आसपास किंवा थोडा वर असतो आणि चाळिशीनंतर हळूहळू उतरतो. त्याला सर्रास ‘किडनी इतके टक्के चालते’ असे वाचले जाते. ढोबळमानाने ते चालून जाते, पण आकडा टक्क्यांचा नाही.

एक उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांची, बरीच वर्षे मधुमेह असलेली स्त्री. क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. शेजारी छापलेली मर्यादा ०.६ ते १.१, म्हणून आकडा ठळक केलेला नाही, बाणही नाही. २०२१ सालच्या सीकेडी-एपी सूत्राने तिचा गाळणदर ५८ येतो. हेच १.१ क्रिएटिनिन अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाचे असते, तर गाळणदर ९४ आला असता. त्या तरुणाचे स्नायू अधिक, म्हणून क्रिएटिनिन मुळातच जास्त तयार होते. बाईंचे स्नायू कमी, तयार होणारे क्रिएटिनिनही कमी, तरीही पातळी तितकीच, याचा अर्थ निचरा मंद आहे. प्रयोगशाळेची एकच छापील मर्यादा हा फरक टिपू शकत नाही. (काही देशांतल्या अहवालात हेच क्रिएटिनिन मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये ९७ असे दिसेल. घाबरायला नको, एकक बदलले आहे इतकेच, ८८.४ ने भागले की आपला ओळखीचा आकडा मिळतो.)

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. क्रिएटिनिन आणि गाळणदर यांचे नाते सरळ रेषेचे नाही. याच स्त्रीचे क्रिएटिनिन ०.७ असते, तर गाळणदर १०० झाला असता, ०.९ ला तो ७४ होतो. म्हणजे ०.२ च्या वाढीत २६ गेले, आणि दोन्ही वेळा अहवाल ‘नॉर्मल’च. उलट टोकाला क्रिएटिनिन ३.० वरून ३.२ झाले, तर गाळणदर १७ वरून १६ वर येतो. नुकसानीचा मोठा हिस्सा असा मर्यादेच्या आतच होऊन जातो. म्हणून सुरुवातीच्या विकारात ताजा आकडा मर्यादेत आहे का, यापेक्षा तो स्वतःच्याच जुन्या अहवालांच्या तुलनेत कुठे आहे, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

पण याच नात्याची दुसरी बाजूही आहे. क्रिएटिनिन एका दशांशाने इकडेतिकडे होणे रोजचेच. १.० ला ६५ आणि १.१ ला ५८ अशी गाळणदराची उडी दिसते, तरी मूत्रपिंडात काहीच बदललेले नसू शकते. आदल्या रात्री मटणाचे जेवण झाले असेल, तर शिजवलेल्या मांसातले क्रिएटिनिन रक्तात येते. निर्जळी उपवास, जुलाब, उन्हातली पायपीट यांनी शरीरातले पाणी घटले की पातळी चढते. ट्रायमेथोप्रिमसारखी काही औषधे क्रिएटिनिनची मूत्रनलिकांतून होणारी जादा निचऱ्याची वाट अडवतात. त्याने आकडा वाढतो, गाळण बिघडत नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांची गोष्ट वेगळी. ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा खरोखरच कमी करू शकतात. प्रयोगशाळा बदलली की मोजण्याची पद्धत बदलते, कधी सूत्रही. वरील स्त्रीचा गाळणदर २००९ सालच्या जुन्या सूत्राने ५५ येतो. ५८ आणि ५५ या दोन अहवालांतली ‘घसरण’ मग निव्वळ गणिताची असते. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी हा सल्ला त्यामुळेच.

एका अहवालावर ‘दीर्घकालीन विकार’ हे निदान होत नाही. बिघाड निदान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीचे क्रिएटिनिन तीन महिन्यांनी पुन्हा १.१ आले. लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे ८० मिलिग्रॅम भरले. ते ३०च्या आत असायला हवे. आता निदान पक्के. गाळणदर ४५ ते ५९ म्हणजे ‘तीन-अ’ टप्पा. पाचांपैकी तिसरा म्हटल्यावर अर्धी वाट सरली असे वाटते, पण टप्पे समान अंतराचे नाहीत, आणि प्रत्येकाचा प्रवास पाचव्यापर्यंत होतोच असेही नाही. पुढे धोका किती, हे ठरवताना अल्ब्युमिनचा आकडा गाळणदराइतकाच मोलाचा असतो. गाळणदर ९५ असून लघवीत अल्ब्युमिन सतत जात असेल, तर तोही मूत्रपिंडविकारच. आपल्याकडच्या अनेक ‘किडनी प्रोफाइल’मध्ये ही तपासणी नसते, ती वेगळी मागावी लागते.

त्या स्त्रीला डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केले. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२, गाळणदर ५२. ‘गोळीने किडनी बिघडली’ म्हणून औषध परस्पर बंद होते ते नेमके इथे. वस्तुतः हे औषध केशिकागुच्छांतला वाढलेला दाब उतरवते. त्यामुळे गाळण आरंभी थोडे कमी होते आणि दीर्घ मुदतीत अल्ब्युमिनची गळती व ऱ्हास मंदावतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनीही अशीच सुरुवातीची उतरण दिसते. टेल्मिसार्टनच्या गटातले औषध सुरू केल्यावर चार आठवड्यांत क्रिएटिनिन मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढले, तर ते साधारणपणे चालू ठेवतात. या स्त्रीच्या बाबतीत ती सीमा सुमारे १.४ ची, १.२ तिच्या बरेच आत आहे. सोबत पोटॅशियम मात्र तपासावे लागते, कारण ते वाढण्याचा धोका खरा असतो.

सूत्राची मर्यादा स्नायूंशी बांधलेली आहे. फार कृश, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या किंवा पाय गमावलेल्या व्यक्तीत क्रिएटिनिन कमीच तयार होते, म्हणून गाळणदर खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. पिळदार शरीराच्या किंवा क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या व्यायामपटूत उलट घडते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी या प्रथिनाची पातळी मोजतात. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, मात्र थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइड यांनी बदलते. गरोदरपणात, तसेच मूत्रपिंडाला अचानक इजा होऊन क्रिएटिनिन दिवसागणिक बदलत असताना हे सूत्र लागूच पडत नाही, कारण त्यात पातळी स्थिर असल्याचे गृहीत धरलेले असते.