परसबागेतली फुलपुडी : वीस घरांचा रतीब कसा बसतो

घराच्या मागे गुंठाभर जागा असली की फुलं विकण्याचा विचार अनेकांच्या डोक्यात येतो, आणि बहुतेकजण पहिल्यांदा झेंडू लावतात. तिथंच गणित चुकतं. गळ्यात घालायच्या साध्या हारालासुद्धा पन्नास-साठ झेंडू लागतात आणि दसऱ्याच्या आठवड्यात शेतातून आलेल्या झेंडूचे ढीग बाजारात पडलेले असतात. त्या भावाशी परसबाग टक्कर देऊ शकत नाही. लहान बागेला परवडतं ते वेगळंच : जे बाजारात किलोवर मिळत नाही, तोडल्यावर एका दिवसात मान टाकतं, पण पूजेला रोज लागतं. जास्वंद, दूर्वा, तुळस, बेल, तगर, गोकर्ण. यांची रोजची पुडी म्हणजेच फुलपुडी, आणि दुधासारखाच तिचा रतीब लागतो.

वीस घरांचा हिशेब धरून पाहू. एका पुडीत एक जास्वंद, पाच-सहा सुटी फुलं, दूर्वांची एक जुडी आणि तुळशीच्या दोन मंजिऱ्या. म्हणजे रोज वीस जास्वंदी हव्यात. देशी, पाच पाकळ्यांच्या लाल जास्वंदीचं वाढलेलं झुडूप भरात असताना दिवसाला चार-पाच फुलं देतं, पण भरवसा दोनचाच धरावा. पंधरा झुडपं, पाच-साडेपाच फुटांच्या अंतरावर, म्हणजे साधारण साडेचारशे चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, त्यामुळे उरलेल्या जागेत तगरीची तीन-चार झाडं, कण्हेर, तुळशीची वीसेक रोपं, दूर्वांचा दहा फूट बाय चार फुटांचा वाफा आणि कुंपणावर निळी-पांढरी गोकर्ण सहज बसते. पुडी दहा रुपयांनी दिली तर महिन्याला सहा हजार येतात. त्यातून दोरा, पानं, खत आणि पेट्रोल वजा होतं. रोजचे दोन-अडीच तास मात्र कुणी मोजत नाही, ते मोजावेत. थंडीत जास्वंद निम्म्यावर येते. त्या दिवसांत तगर आणि गोकर्ण वाढवून द्यावी लागेल, हे गिऱ्हाईकाला सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

तोडणीची वेळ हा या धंद्याचा जीव आहे. जास्वंदीची उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीच ओळखू येते : ती लांब होते, रंग पूर्ण चढतो आणि पाकळ्या हिरव्या वेष्टनाच्या बऱ्याच बाहेर आलेल्या असतात. ती संध्याकाळी तोडून थंड जागी ठेवली तरी सकाळी उमलते. तगर, कण्हेर पहाटे. पारिजातक झाडाखाली स्वच्छ धोतर किंवा चादर पसरून गोळा करायचा. खाली पडलेलं फूल चालतं ते एवढंच. दवाने किंवा पावसाने भिजलेली फुलं तशीच बांधली तर आतून तापतात, दोन तासांत पाकळी पारदर्शक होऊन कडेने काळी पडते. म्हणून पंख्याखाली दहा मिनिटं पसरून मगच पुडी बांधावी, आणि तीही केळीच्या किंवा पळसाच्या पानात. प्लास्टिकच्या पिशवीत फूल गुदमरतं आणि वर्तमानपत्राची शाई ओल्या पाकळीला लागते.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण हमखास येतो. शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसतं, खोडावर मुंग्यांची ये-जा सुरू होते आणि कळ्या न उमलता गळतात. मुंग्या दिसल्या तेव्हाच शेंडा कापून लांब टाकावा, साबणाच्या पातळ पाण्याची किंवा निंबोळी तेलाची फवारणी करावी. विषारी औषध मात्र या बागेत नको. तुळशीचं पान तीर्थात आणि नैवेद्यावर जातं, म्हणजे ते पोटात जातं.

बेलाचं वेगळंच. पान तीन दलांचं, अखंड हवं. किडीने काढलेली गोल नक्षी, म्हणजे चक्र असलेलं, आणि भोक पडलेलं बाजूला काढायचं. देठाची जाड गाठ, जिला वज्र म्हणतात, ती खुडायची. सोमवारी बेल तोडू नये असा संकेत बरीच घरं पाळतात. पण बेलपान शिळं होत नाही असंही मानलं जातं, त्यामुळे रविवारी तोडून ओल्या फडक्यात ठेवलं की काम भागतं. तुळस द्वादशीला तोडत नाहीत. एकादशीची आणि द्वादशीची दशमीला किंवा एकादशीच्या सकाळी काढून ठेवावी लागते. काही घरं रविवारही पाळतात. पंचांग भिंतीवर असल्याशिवाय हा रतीब चालत नाही, तो याचमुळे.

राज्य बदललं की पंचांगही बदलतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो, तर शेजारच्या हिंदी घरांत पौर्णिमेला. त्यामुळे शेजाऱ्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो आणि मराठी श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी संपतो. दोन्हीकडे पुडी देणाऱ्याला बेल महिनाभर नव्हे, दीड महिना पुरवावा लागतो, आणि एकच झाड असेल तर ते पहिल्या दोन सोमवारांतच ओरबाडून संपतं. बेळगाव, गोवा, हैदराबाद, वडोदरा इथं ही अडचण फारशी नाही. तिथं मराठी, कन्नड, तेलुगू, गुजराती सगळे महिने अमावास्येलाच संपतात. बेळगावात गोंधळ मापाचा. गजऱ्याचं आणि माळेचं माप कन्नड विक्रेते मोळ आणि मार असं सांगतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, मार म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं. हात कुणाचा, यावर भाव ठरतो, म्हणून माळ देणाऱ्याने दोरा आधीच मोजून घ्यावा.

देवळाला पुरवठा करायचा तर आधी विचारावं, मग झाडं लावावीत. जुन्या देवळांत बेल-फूल देण्याचा मान ठरलेल्या घराण्यांकडे असतो : गुरव, फुलारी, सीमाभागात हूगार. गोव्यात म्हार्दोळच्या म्हालसा देवळाभोवतीची फुलकारांची परंपरा अशीच जुनी. तिथं स्वस्त भाव सांगून घुसायला गेलं तर फुलं पायरीवरच राहतात. पण त्याच घराण्यांना संकष्टीला दूर्वा आणि एकादशीला तुळस कमी पडते, तेव्हा त्यांनाच माल देणं हा सरळ रस्ता. शनिवारच्या मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. रुईचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून पानं तोडल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नयेत. कण्हेरही विषारी, पुडीत चालते, पण लहान मुलं आणि गुरं यांच्यापासून ती दूर हवी.

गणेश चतुर्थीला मात्र हात आखडता घ्यावा. एकवीस दूर्वांच्या एकवीस जुड्या म्हणजे एका घराला ४४१ दूर्वा. वीस घरांना ८,८२०. चाळीस चौरस फुटांच्या वाफ्यातून निवडक, कोवळ्या, तीन पात्यांच्या इतक्या दूर्वा एका सकाळी निघत नाहीत. दोन दिवस आधी खुडून ओल्या फडक्यात गुंडाळल्या तर त्या टिकतात, पण तेव्हाही वीसपैकी पाच-सहा घरांचीच पूर्ण ऑर्डर घ्यावी, पैसे आगाऊ घ्यावेत आणि बाकीच्यांना एकच जुडी मिळेल असं आठवडाभर आधी सांगावं.